चार आठवड्यांचा रिपोर्ट – 17 नोव्हेंबर ते 14 डिसेंबर

नमस्कार सर, आधी आकडे. वजन रोज सकाळी उपाशीपोटी घेतलं. आठवड्याची सरासरी 84.6, 83.9, 83.5, 83.4 किलो. बेंबीवर कंबर 98 वरून 95.5 सेंमी. पुशअप्स सलग 8 होते, आता 14. वाळूच्या पोत्याचा स्क्वॉट 15 किलो × 10 वरून 25 किलो × 12, आणखी दोन रेप्स निघतील एवढा दम राहतो. (खताच्या एकाच पोत्यातून वाळू गळते, आत प्लास्टिकची पिशवी घातली.) पावलं सरासरी 9,400, कापूस वेचणीच्या दिवशी 14,000 च्या वर. 16 पैकी 13 वर्कआउट झाले.

चौथ्या आठवड्यात वजन फक्त 100 ग्रॅमनं उतरलं. मला चूक तेलात दिसते. अ‍ॅपमध्ये मी रोज 20 ग्रॅम तेल लिहीत होतो. पण 15 किलोचा पिपा आम्हा पाच जणांना दोन महिने पुरतो, म्हणजे माणशी रोज 50 ग्रॅम. वांग्याच्या भाजीवरची तर्री हिशोबातच नव्हती! रोजच्या सुमारे 270 कॅलरी सुटल्या. भाकरीचंही तसंच: अ‍ॅपमधली 40 ग्रॅम पिठाची, घरची तोलली तर 90 ची. त्यामुळे आधीचे 1,900 चे आकडे खरे धरू नका. सोमवारपासून माझी भाजी तर्री काढून वाढतात, पीठही तोलतो.

प्रोटीन 110 चं ठरलं होतं, सरासरी 82 पडलं. 60 ग्रॅम कोरडे सोया चंक्स (31 ग्रॅम), 3 अंडी (18), बाकी तुरीचं वरण, दही, शेंगदाणे. गुरुवारी उपास, साबुदाण्याच्या उसळीवर 35 सुद्धा होत नाही.

झोपेचं गणित लाईनवर आहे. हरभऱ्याला ओलित सुरू झालं, लाईन रात्रीची, आठवड्यातून तीन रात्री जेमतेम साडेचार तास झोप. सुटलेले तिन्ही वर्कआउट त्याच्या दुसऱ्या दिवशीचे. बुधवारी तुरीवर 16 लिटरच्या पंपानं फवारणी केली आणि संध्याकाळी डेडलिफ्ट. कंबर दोन दिवस आखडली. पायात मुंग्या वगैरे नाहीत.

आता विचारायचं ते:

ओलिताच्या दुसऱ्या दिवशी वर्कआउट सोडू, की प्रत्येक व्यायामाचे सेट निम्मे करून उरकू? फवारणी असेल त्या दिवशी डेडलिफ्टऐवजी काय घेऊ?

लंजेसमध्ये उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते, 10 पैकी 3 एवढं; स्क्वॉटमध्ये नाही. पाय मागे टाकून केलं तर कमी लागते. तसंच चालू ठेवू का? व्हिडिओ सोबत पाठवला आहे.

सोया 60 वरून 80 ग्रॅम केला तर चालेल? 60 वरच पोट फुगते. भिजवल्यावर दोनदा पिळून पाणी टाकून देतो, तरीही. की व्हे घ्यावंच लागेल?

आणि कॅलरी आत्ताच कमी करू नका, ही विनंती. तेल-पीठ तोलून दोन आठवडे खरे आकडे येऊ द्या, मग ठरवू. पुढच्या आठवड्यात घरचं लग्न आहे, दोन दिवस मोजमाप होणार नाही.