श्रुतलेखनाचा सराव : सातवीच्या वर्गासाठी दोन उतारे

पहिला उतारा

पाऊस थांबला, तशी विहीर काठोकाठ भरलेली दिसली. विहिरीच्या पाण्यात चिंचेची फुले तरंगत होती. आजोबांनी मुलाला जवळ बोलावले आणि हळूच विचारले, “पावसाचा आवाज पुन्हा ऐकू येतो का?” मूल गप्प राहिले; त्याचे लक्ष फुलांकडे होते.

उतारा तीनदा वाचावा. पहिल्या वेळी लेखण्या खाली ठेवून मुलांनी केवळ ऐकावे. दुसऱ्या वेळी चार-पाच शब्दांचे अर्थपूर्ण तुकडे पाडून सावकाश वाचावे, मात्र ‘विहिरीच्या’तील ऱ्हस्व-दीर्घ मुद्दाम ताणून दाखवू नये; तसे केल्यास चाचणी मुलांची न राहता वाचणाऱ्याच्या आवाजाची होते. तिसरे वाचन नेहमीच्या गतीने, तपासून पाहण्यासाठी.

उतारा निवडताना अवघड शब्दांची जंत्री शोधू नये. ‘विहीर’ आणि ‘विहिरीच्या’, ‘मूल’ आणि ‘मुलाला’ अशा जोड्या ज्यात सहज येतात, तो साधा उतारा अधिक उपयोगी पडतो, कारण सामान्यरूप होताना उपान्त्य दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते हा नियम तिथे प्रत्यक्ष वापरावा लागतो. सातवीला तीस-चाळीस शब्द पुरेत.

तपासताना चूक कानाची की हाताची, हे आधी ठरवावे, आणि माझ्या मते गुणांपेक्षा हेच महत्त्वाचे आहे. ‘पुन्हा’ गळाले किंवा ‘बोलावले’च्या जागी ‘बोलवले’ आले, तर बहुधा ऐकण्यात कसर राहिली. ‘विहिर’, ‘पाउस’ आणि ‘मुल’ लिहिणाऱ्याने मात्र नीट ऐकलेले असते. बोलताना हा भेद फारसा उमटत नाही, त्यामुळे “लक्ष देऊन ऐक” असे त्याला सांगणे व्यर्थ आहे. या तीन शब्दांखाली रेघ मारावी, पण चूक एकच धरावी, कारण चुकलेला नियम एकच आहे. ‘आजोबानी’ पाहून संशय आला, तर मुलाला तो शब्द म्हणायला सांगावे. त्याने अनुस्वारासह म्हटला, तर आदरार्थी बहुवचनाचा अनुस्वार लिहायचा राहिला, एवढेच. दुरुस्त शब्द लगेच लिहून देऊ नये. रेघ पाहून त्याने स्वतः शोधावा.

दुसरा उतारा

गरीब माणसाच्या शरीराला विश्रांती हवी होती. वैद्यांनी त्या गरिबाला धीर दिला. पण शरीर थकले की मनही थकते, हे त्यांना ठाऊक होते.

हा उतारा पहिला पक्का झाल्यावरच द्यावा. नियम नुकता शिकलेली मुले उत्साहाने ‘शरिराला’ लिहितात. ‘शरीर’ तत्सम असल्याने त्याचा दीर्घ ‘री’ कायम राहतो, तर ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते. अशा चुकीवर लाल शेरा न मारता नियमाचा अपवाद समजावून द्यावा, आणि चार दिवसांनी हाच उतारा पुन्हा घालावा.