मुलींच्या डब्याबद्दल काकूंना पत्र

मोर्शी,
दि. 14 जून 2025

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

मी वैशाली. सिंभोरा रोडला राहते. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंची मोठी मुलगी म्हटलं की तुमच्या लवकर ध्यानात येईल. परवा भाजीबाजारात तुम्ही माझ्या आत्याला म्हणालात की यंदा वरच्या मजल्यावर 18 मुली येणार, खोल्या भरल्या, पण जेवणाचं अजून कुठे जमलं नाही. मागचा डबा दिवाळीनंतर बंद पडला आणि मुली फरसाण-बिस्किटांवर दिवस काढत होत्या, हेही आत्याने सांगितलं. ते ऐकल्यापासून मनातून जात नाही. त्या मुलींच्या दोन वेळच्या डब्याचं काम मी करू इच्छिते, त्यासाठी हे पत्र.

काकू, मी अमरावतीला तीन वर्षं खोली करून शिकले. डबा लावला होता. पहिला महिना बरा गेला, मग वरणात डाळ शोधावी लागायची. आलूचा रस्सा आठवड्यातून पाच दिवस. पोळ्या सकाळीच दोन्ही वेळच्या करून ठेवलेल्या, संध्याकाळी तुकडा मोडला की कडकन आवाज यायचा. मी अर्धा डबा तसाच ठेवून चहा पिऊन अभ्यासाला बसायची. दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.6. बाईच्या अंगात निदान 12 तरी पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. त्या सत्रात माझे दोन पेपर राहिले. बाबांना खरं कारण मी पुष्कळ दिवस सांगितलंच नाही, कारण डब्याचे पैसे ते दर महिन्याला कापसाच्या, तुरीच्या हिशेबातून काढून पाठवत होते. तुमच्याकडे येणाऱ्या मुलीही अशाच घरांतून येतात. त्या घरी काही सांगत नाहीत, हे मला माहीत आहे.

आता डब्यात काय राहील ते सांगते. सकाळी चार पोळ्या, एक सुकी भाजी, घट्ट वरण, भात आणि चटणी. संध्याकाळी तीन पोळ्या नाहीतर दोन भाकरी, रस्सा भाजी किंवा कढी, आणि भात. आठवड्यातून दोन दिवस हिरवी पालेभाजी ठरलेली: पालक, मेथी, चवळी, पावसाळ्यात आंबाडी. आंबाडी ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून करीन, आई करते तशी, वरून लसणाची फोडणी. एक दिवस चून-भाकर आणि ठेचा. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा आल्या की सोल्यांची भाजी, वांग्याचं भरीत. महिन्यातून एकदा पाटोडीचा रस्सा, पण तर्री बेताची, कारण मुलींना दुपारभर ग्रंथालयात बसायचं असतं. चटणी जवसाची, फल्लीची, कधी तिळाची. पालेभाजी असेल त्या दिवशी लिंबाची फोड नक्की देईन. लिंबाने भाजीतलं लोह अंगी लागतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला की ते वाया जातं, हे मला त्या आजारपणात कळलं. मुलींना तुम्हीही सांगाल तर बरं होईल, तुमचं त्या ऐकतील.

उपवासाचा डबा वेगळा करीन. 6 जुलैला आषाढी एकादशी आहे, म्हणजे मुली आल्या की पहिल्याच आठवड्यात ते काम येईल. साबुदाण्याची उसळ, भगर, दाण्याची आमटी. पुढे श्रावण सोमवार आहेतच. पोळ्याला पुरणपोळी माझ्याकडून, तिचे वेगळे पैसे घेणार नाही. सणाच्या दिवशी घरापासून लांब असलेल्या पोरीच्या डब्यात रोजचीच भाजी निघाली की फार वाईट वाटतं. एखादीला ताप आला, पोट बिघडलं तर सकाळी सातच्या आत निरोप द्या, तिच्यासाठी मऊ भात आणि मुगाचं वरण येईल.

तुम्ही विचाराल, 18 जणींचा स्वयंपाक हिला जमेल का? आई अकरा वर्षांपासून शाळेत शिजवते. पहिली ते पाचवीच्या लेकराला 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला 150 आणि 30, हे माप तिला तोंडपाठ आहे. सुट्ट्यांमध्ये मी तिच्या हाताखाली गंज धुण्यापासून फोडणीपर्यंत सगळं केलंय. मोठ्या स्वयंपाकात मीठ अंदाजाने पडलं की सगळ्यांचंच जेवण बिघडतं, म्हणून ती मिठाची वाटी वेगळी ठेवते आणि त्या वाटीला दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाही. मी तेच करीन. आई शाळेत जायच्या आधी माझ्यासोबत पोळ्यांना बसेल, संध्याकाळी ती मोकळीच असते. शेजारच्या एक काकू भांड्यांना येणार आहेत, त्यांच्याशी बोलणं झालंय. सध्या मी बँकेतल्या दोन सरांना आणि एका नर्सताईंना फेब्रुवारीपासून डबा देते. त्यांना विचारून बघा, मी निरोप देऊन ठेवते.

अन्न सुरक्षेची एफएसएसएआयची नोंदणी मी यंदा करून घेतली आहे. लहान घरगुती व्यवसायाला वर्षाचे 100 रुपये लागतात. 14 अंकी नंबर आहे, कागद दाखवायला आणीन. गॅस 19 किलोचा व्यवसायाचा सिलिंडर घेतलाय. घरातल्या लाल सिलिंडरवर धंदा करणं बरोबर नाही, आणि उद्या कोणी तक्रार केली तर तुमच्याही दारात त्रास नको.

डबे स्टीलचे, तीन खणांचे, प्रत्येकीच्या नावाचे दोन-दोन, म्हणजे सकाळचा धुऊन सुकेपर्यंत संध्याकाळचा दुसरा जाईल. गरम वरण प्लास्टिकच्या पिशवीत मी कधीच देणार नाही. भाताचं एक सांगते, कारण डबा आंबतो तो बहुतेक इथेच. कुकरमधून काढलेला भात तसाच भरून झाकण दाबलं की वाफेचं पाणी झाकणाच्या आतून थेंब थेंब भातावर पडतं, खालचा थर चिकट होतो आणि आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन तासांत वास मारायला लागतो. म्हणून मी भात परातीत पसरून वाफ जाऊ देते, मगच भरते. पोळ्याही सुती फडक्यात. एप्रिल-मे मध्ये कढी आणि ओल्या चटण्या बंदच ठेवीन, त्याऐवजी कांदा, कैरीचा तक्कू आणि सुकी चटणी. रात्रीचा भात किंवा भाजी सकाळी कधीच येणार नाही, उरलं तर घरचे खातील नाहीतर गायीला जाईल. पिण्याच्या कॅनचं पाणीच स्वयंपाकाला वापरते. लाईट गेली तर पाटा-वरवंटा आहे, चटणीचा खोळंबा होत नाही.

डबा सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेसातला तुमच्या फाटकाशी येईल. मी स्वतः गाडीवर आणीन, पाऊस जास्त असला तर भाऊ ऑटोने आणेल. तुमच्याकडे पुरुषांनी जिना चढायचा नाही, हा नियम मला आत्याने सांगितलाय. भाऊ फाटकावरूनच परत जाईल.

पैशांचं मोकळं बोलते. एका डब्याचे 40 रुपये. दोन वेळचे 80. रविवारी संध्याकाळी माझी सुट्टी, बाकी सगळे दिवस डबा. महिना कितीही दिवसांचा असो, जितके डबे दिले तितक्यांचेच पैसे. गावी जायचं असेल तर आदल्या रात्री आठपर्यंत सांगितलं की तो डबा कापला जाईल. मी शिकत असताना शनिवार-रविवार घरी गेलं तरी पूर्ण महिन्याचे पैसे द्यावे लागायचे, ते मला तेव्हाही पटत नव्हतं. 40 मधले 28-29 रुपये सामान, गॅस आणि भांडेवाल्या काकूंनाच जातात. तूर डाळ आणि तेल महाग झालं तरी दिवाळीपर्यंत भाव वाढवणार नाही. पुढे वाढवायचा झाला तर महिनाभर आधी तुमच्याशी बोलूनच. पैसे कमी करण्यासाठी डाळ पातळ करायला मला सांगू नका, एवढी एकच विनंती. त्यापेक्षा एखाद्या मुलीची खरंच अडचण असेल तर मला एकटीला सांगा, तिच्यापुरतं मी बघीन, आणि बाकीच्या मुलींना ते कळणार नाही.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. पहिल्या महिन्याचे अर्धे पैसे 1 जुलैच्या आधी मिळाले तर 18 जणींचे डबे आणि महिन्याचं धान्य एकदम घेता येईल. डबे ठेवायला जिन्याखालचा कट्टा द्या, त्यावर मी जाळीचं कपाट आणून ठेवीन, मांजरांचा प्रश्न राहणार नाही. आणि कपाटाजवळ एक वही टांगू द्या. मुलींना जे आवडलं नाही ते तिथे लिहू द्या. तोंडावर बोलायला त्या लाजतात, मीही लाजायची. वही मी रोज संध्याकाळी वाचीन.

तुमचं कमिशन वगैरे काही असेल तर तेही आधीच सांगा, म्हणजे हिशेबात धरता येईल. मनात राहून गेलं की नंतर संबंध बिघडतात.

22 तारखेला रविवार आहे. त्या दिवशी सकाळी मी तुमच्या घरी चार डबे घेऊन येते, तुमच्यासाठी, काकांसाठी आणि ज्या दोन मुली आधीच येऊन राहिल्या आहेत त्यांच्यासाठी. त्याचे पैसे नाहीत. दोन डबे लगेच उघडा आणि दोन तसेच झाकून दुपारी दीडला उघडा. साडेआठला भरलेला डबा दीडला कसा लागतो, ते पाहूनच काय ते ठरवा. जमलं तर 1 जुलै, मंगळवारपासून सुरू करते.

माझा नंबर आत्याने तुम्हाला दिलेलाच आहे. काकांना नमस्कार सांगा.

आपली,
वैशाली

ता. क. आत्या म्हणाली काकांना साखरेचा त्रास आहे. त्यांच्या डब्यात भात ठेवत नाही, ज्वारीची भाकर आणि मेथी आणते. सांभार घातलेलं वरण चालतं ना, तेवढं कळवा.