पाण्याच्या रेघेखाली निम्मी किंमत!
वत्सला वस्त्रभांडार, नारायण पेठ, पुणे
२२ ते २६ जुलै २०२६

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आमच्या दुकानातल्या सागवानी कपाटाला नऊ कप्पे. पाणी सहाव्यापर्यंत चढलं. वरच्या तीन कप्प्यांतला माल तेवढा कोरडा राहिला. कपाट आजही तेच आहे आणि गाळाची ती तपकिरी रेघही आम्ही कधी पुसू दिलेली नाही.

दहा दिवस आजोबा-आजी आणि दुकानातले नोकर गाळ उपसत होते, लुगडी धूत होते. पक्क्या रंगाची इरकली आणि सुती लुगडी स्वच्छ निघाली. ज्यांचा रंग फुटला, ती गोधडीला म्हणून गेली. २२ जुलैला दुकान पुन्हा उघडलं, ते रेघेखालचा माल निम्म्या किमतीत आणि वरचा नेहमीच्या भावात घेऊन. दुकान त्याआधीचं असलं, तरी आमचा वर्धापनदिन २२ जुलैच. यंदा पासष्टावा.

म्हणून या पाच दिवसांत सेलची विभागणी तीच रेघ करणार.

रेघेखाली, सरसकट ५० टक्के सूट: सुती नऊवारी, इरकल, नारायणपेठ, खणाचे ब्लाउजपीस, परकराचं कापड. माल सगळा यंदाचा, नवा कोरा.

रेघेवर, १५ टक्के सूट: येवल्याची हातमागाची पैठणी, महेश्वरी, रेशमी सहावारी.

आणि दारातल्या टेबलावर गोधडीसाठी तुकडे, वजनावर. मऊ सुती कापड हवं असेल तर सकाळीच या, दुपारपर्यंत चांगले रंग उरत नाहीत.

अधिक महिन्यामुळे श्रावण यंदा ऑगस्टच्या मध्यावर येतोय. मंगळागौरीची नऊवारी आत्ता घेतलीत तर ब्लाउज शिवून घ्यायला पुरेसा वेळ मिळेल. आमच्याकडे घेतलेल्या साडीला फॉल-पिको मोफत.

आणखी एक सवलत आहे, आणि ती आम्हाला सगळ्यात जवळची. पुरात उधारीची खतावणी वाहून गेली होती. कोणाकडे किती येणं आहे, याचा कागदच उरला नव्हता. तरी गिऱ्हाइकं आपणहून येत राहिली, आपल्या नावावरचा आकडा स्वतः सांगून पैसे भरत राहिली. त्यांतल्या कित्येकांच्या स्वतःच्या घरात तेव्हा चिखल होता. दुकान उभं राहिलं ते त्या पैशांवर. तुमच्या आजी-आजोबांची खरेदी पुराआधी आमच्याकडे होत असेल, तर गल्ल्यावर तसं नुसतं सांगा. बिलावर आणखी १० टक्के कमी करू. पुरावा विचारणार नाही. त्यांनी सांगितलेला आकडा आम्ही मानला होता, तुमचा शब्दही मानू.

वेळ सकाळी १० ते रात्री ८.३०, दुपारी दुकान बंद नसेल. रोख, कार्ड, यूपीआय सगळं चालेल. सेलमधला माल बिलासह आठ दिवसांत बदलून मिळेल. कापलेलं कापड आणि गोधडीचे तुकडे मात्र परत घेतले जाणार नाहीत.