गळती नियंत्रणाच्या पदाबाबत

विषय: वरिष्ठ कंत्राट व्यवस्थापक (पाणी गळती नियंत्रण) या पदासाठी आपण केलेली विचारणा

नमस्कार मॅडम,

आपण कंपनीच्या वतीने पाठवलेलं पदाचं वर्णन सावकाश वाचलं. या कामात मला मनापासून रस आहे. बायोडेटा सोबत जोडला आहे, पण सरकारी नोकरीच्या बायोडेटात पदनाम आणि बदल्यांच्या तारखा दिसतात, काम दिसत नाही. शिवाय काही गोष्टी माझं नाव कंपनीकडे जाण्याआधीच बोलून घेतलेल्या बऱ्या, म्हणून हे पत्र थोडं लांबलं आहे.

मी पाणीपुरवठा विभागात उप अभियंता आहे, सेवा १४ वर्षांची. सुरुवातीला जलवाहिन्या टाकणं आणि पंपिंगची देखभाल ही कामं केली. गेली ६ वर्षं गळती शोधण्याचं काम आणि त्यासाठी नेमलेल्या कंत्राटदारांचं काम माझ्याकडे आहे. अंदाजपत्रक करणं, निविदेच्या अटी लिहिणं, निविदापूर्व बैठकीतल्या शंकांना उत्तरं देणं, मोजमापं तपासून देयक पुढे पाठवणं आणि पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आला तर त्याचं उत्तर देणं, हे सगळं उप अभियंत्याच्याच टेबलावर असतं. आपण ज्याला कंत्राट व्यवस्थापन म्हणता त्यातलं बरंचसं मी करते आहे, फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूने.

एक उदाहरण देते, कारण कंपनीला नेमकं हेच लागेल असं वर्णनावरून वाटतं. आमच्या एका कंत्राटात कंत्राटदाराचे पैसे गळती किती कमी झाली त्यावर ठरत होते. गळतीची कामाआधीची पातळी मोजली तेव्हा कंत्राटातल्या भागात दिवसातून काही तासच पाणी येत होतं. नंतर पुरवठ्याचे तास वाढले. वाहिन्या जास्त वेळ भरलेल्या आणि दाबाखाली राहू लागल्या, त्यामुळे दुरुस्त्या होऊनही रोजच्या गळतीचा आकडा वाढलेला दिसू लागला. कागदावर कंत्राटदार नापास झाला होता. त्याने देयकासाठी तगादा लावला आणि आमच्याकडे दंडाची टिप्पणी तयार झाली.

दोन्ही बाजूंचे लोक घेऊन मी संयुक्त मोजणी लावली. त्या भागाच्या सीमेवरचे व्हॉल्व्ह बंद केले, पुरवठा रात्रभर चालू ठेवला आणि पहाटे २ ते ४ च्या दरम्यान प्रवाहमापकाचं वाचन घेतलं. त्या वेळी लोक झोपलेले असतात, वापर अगदी कमी असतो, त्यामुळे आत जाणारं बहुतेक पाणी गळतीचंच असतं. सोबत दाबही नोंदवला. दाब वाढला की गळती वाढते, आणि वेगवेगळ्या वाहिन्यांच्या मिश्र जाळ्यात ती ढोबळमानाने दाबाच्याच प्रमाणात वाढते. म्हणून पुरवठ्याचे तास आणि दाब दोन्ही हिशोबात घेऊन जुनी पातळी नव्याने काढली. मग दिसलं की काम झालेलं होतं, फक्त सुरुवातीला धरला होता तितका परिणाम नव्हता. दंडाची टिप्पणी मागे घेतली गेली, देयक कमी रकमेचं पण मंजूर झालं, आणि पुढच्या निविदेत मी ‘मोजणीची अट’ असं स्वतंत्र प्रकरणच घातलं. ते प्रकरण म्हणजे मी नोकरीत लिहिलेला सगळ्यात उपयोगी मजकूर, असं मला वाटतं.

सरकारी माणूस सावकाश चालतो ही शंका मुलाखतीत येईलच. माझ्या निर्णयाला वेळ लागतो तो पुरावा जमवण्यात. चार वर्षांनी कोणी फाईल उघडली तरी तो निर्णय का घेतला हे त्याला कळलं पाहिजे, अशी सवय हाताला लागलेली आहे. ज्या कंत्राटात पैसे मोजणीवर मिळतात तिथे ही सवय कंपनीच्याच फायद्याची आहे. मात्र ग्राहकाला आठवड्याच्या आठवड्याला अहवाल देणं, नफ्यातोट्याचा हिशोब ठेवणं, हे मी केलेलं नाही. ते शिकावं लागेल आणि त्यासाठी पहिले काही महिने सोबत अनुभवी माणूस मिळावा, ही माझी मागणी आहे.

बाहेर पडण्याचं कारण साधं आहे. गळतीचं काम एका भागात सलग काही वर्षं केलं तरच आकडे हलतात. वाहिन्यांचा नकाशा दुरुस्त करा, सीमा बंद करा, मीटर बसवा, दाब आवरा, दुरुस्तीला लागणारा वेळ कमी करा, आणि एवढं सगळं जमेपर्यंत बदलीचा आदेश येतो. माझीही बदली आता होईल आणि बहुधा वेगळ्याच कामावर होईल. मला हेच काम करत राहायचं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या विभागातल्या ओळखींसाठी कंपनी मला घेत असेल तर कृपया नाव पुढे पाठवू नका. मी कोणाला फोन लावून देयक सोडवणार नाही आणि चालू निविदांची आतली माहिती देणार नाही. ही कंपनी माझ्या हातातल्या कुठल्याही निविदेत बोलीदार आहे का, हे मला मुलाखतीआधी कळायला हवं. असेल तर आधी वरिष्ठांना लेखी कळवून त्या निविदेच्या कामातून बाजूला व्हावं लागेल, आणि तोपर्यंत आपलं बोलणं थांबवावं लागेल. नोकरी सोडल्यावरही विभागाशी थेट व्यवहार असलेल्या कामावर काही काळ मला नेमू नये, असं नियुक्तिपत्रात लिहून मिळालं तर बरं.

मुदतीबद्दल. माझा नोटीस कालावधी ३ महिन्यांचा आहे, पण राजीनामा दिला की सुटका झाली असं आमच्याकडे होत नाही. तो मंजूर व्हावा लागतो, त्याआधी थकबाकी नसल्याचा दाखला आणि चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला लागतो. माझ्यावर कुठलीही चौकशी नाही. तरी रुजू होण्याची तारीख राजीनामा मंजूर झाल्याच्या दिवसापासून मोजावी. लेखी नियुक्तिपत्र हातात आल्याशिवाय मी राजीनामा देणार नाही.

पगाराचा आकडा मी आत्ता सांगत नाही. वार्षिक पॅकेजमधला निश्चित भाग किती, कामगिरीवर अवलंबून किती आणि कंपनीचं भविष्य निर्वाह निधीतलं योगदान त्यातच धरलंय का, ही फोड आधी पाठवा. निवृत्तीनंतरचे लाभ आणि कुटुंबाची वैद्यकीय सोय सोडून येताना नुसत्या एकूण आकड्यावर तुलना होत नाही.

कंपनीला एक प्रश्न माझ्या वतीने जरूर विचारा: चालू कंत्राटांमध्ये गळतीची सुरुवातीची पातळी कोणी मोजली आणि त्यावर ग्राहकाची सही आहे का? उत्तरावरून मला पदाचा खरा आवाका कळेल.

फोन संध्याकाळी ७ नंतर किंवा रविवारी करावा. कार्यालयीन ईमेलवर काही पाठवू नये, ज्या पत्त्यावरून हे पत्र आलं आहे तोच वापरावा. सध्याच्या वरिष्ठांकडे चौकशी नियुक्तिपत्रानंतरच व्हावी. तोपर्यंत माझ्या कामाबद्दल बोलू शकतील अशा, आता निवृत्त झालेल्या दोन अधिकाऱ्यांची नावं त्यांची परवानगी घेऊन मी कळवते.

आपली,
सुजाता
उप अभियंता, पाणीपुरवठा विभाग