पदराची गाठ

रात्री साडेअकराला दुपट्यात हात घालताच वैशाली दचकली, कारण बाळाचे अंग तव्यासारखे तापले होते. काखेत थर्मामीटर धरले, तेव्हा आकडा १००.८ वर थांबला. सकाळीच उपकेंद्रात दीड महिन्याच्या लसी झाल्या होत्या: पोलिओ आणि रोटाव्हायरसचे थेंब, उजव्या दंडावर एक बारीक सुई, दोन्ही मांड्यांवर एकेक. पेंटाव्हॅलेंटने ताप येऊ शकतो, हे सिस्टरांनी बजावून सांगितले होते. पण दिवसाउजेडी ऐकलेले आणि मध्यरात्री हाताला जाणवलेले यांत फार अंतर असते.

सिस्टरांनी बाळाचे वजन करून सांगितले होते त्याप्रमाणे तिने ड्रॉपरने पॅरासिटामॉलचा अर्धा मिलिलिटर पाजला आणि दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात वेळ लिहिली, कारण सहा तासांच्या आत पुन्हा द्यायचे नव्हते. डावी मांडी लालसर आणि टणक झाली होती. तिथे तिने ओला रुमाल नुसता टेकवला. चोळायचे नाही, हे तिला पक्के आठवत होते.

आजी घोंगडी घेऊन उठून आली. “थंडीचे दिवस आहेत, गुंडाळ त्याला. ओव्याचा शेक दे.”

“नको गं आजी. गुंडाळलं तर ताप आणखी चढेल.”

आजी काही बोलली नाही, पण परतही गेली नाही. बाळ कण्हत होते, मधूनच किंचाळत होते आणि प्रत्येक किंचाळीनंतरच्या शांततेत वैशाली त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होती. आकडी आली, दूध तोंडात धरले नाही, तीन तास रडे थांबले नाही, किंवा बाळ जागे करूनही जागे झाले नाही, तर १०८ ला फोन करायचा, ही यादी ती मनात पुन्हा पुन्हा म्हणत होती. पुण्यात रात्रपाळीवर असलेल्या नवऱ्याला तिने दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा वाजण्याआधीच तोडला.

दोनच्या सुमारास आजी अंधारातच म्हणाली, “तुझ्या आईच्या आधी मला एक मुलगा झाला होता. डांग्या खोकला झाला त्याला. खोकून खोकून निळा पडायचा, आणि मी नुसती बघत राहायचे.”

वैशालीने हे कधी ऐकले नव्हते. सकाळच्या सुयांपैकी एकीत त्याच खोकल्याची लस होती, हे तिने हळूच सांगितले.

साडेतीनला बाळाच्या कपाळावर घामाचे थेंब उमटले. पाच वाजता आकडा ९९ झाला आणि बाळाने तोंड वळवून स्वतःहून स्तन शोधला. त्याच्या ओढण्याने दूध दाटून आले, तेव्हा वैशालीला पहिल्यांदाच रडू फुटले.

आजीने घोंगडी घडी करून ठेवली. “पुढची सुई कधी आहे?”

वैशालीने कार्ड उघडून तारीख वाचली, “४ मार्च.”

आजीने पदराच्या टोकाला गाठ मारली आणि चुलीकडे गेली.