छतावरील सौर संच: विश्वस्त मंडळासाठी एनपीव्ही सारांश

शिफारस: शाळेसाठी २० किलोवॅटचा संच घ्यावा, पण नेट मीटरिंगची, म्हणजे जादा वीज वीज कंपनीला देऊन ती बिलातून वळती करून घेण्याची, मंजुरी हातात आल्यावरच.

खर्च आज १० लाख रुपये. वीजबिलात वर्षाला २.४० लाख वाचतील. साफसफाई-देखभालीचे ३० हजार वजा जाता २.१० लाख उरतील. आठव्या वर्षी इन्व्हर्टर बदलायला १.५० लाख धरले आहेत.

हेच पैसे मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी वाढले असते. म्हणून पुढे मिळणारा रुपया आजच्या रुपयाएवढा धरता येत नाही. पहिल्या वर्षाचे २.१० लाख आजच्या हिशेबात १.९६ लाख, दहाव्या वर्षाचे जेमतेम १.०७ लाख. विक्रेत्याने दाखवलेल्या साडेनऊ लाखांच्या नफ्यात ही घट धरलेलीच नाही.

देखभाल वजा जाता दहा वर्षांची बचत आजच्या मोलाने १४.७५ लाख. त्यातून इन्व्हर्टरचे ०.८७ लाख आणि सुरुवातीचे १० लाख वजा केले की ३.८८ लाख उरतात. हीच एनपीव्ही: ठेवीपेक्षा आजच्या मोलाने इतका जास्त फायदा.

धोका मे महिन्याच्या सुट्टीचा आहे. शाळा बंद, ऊन कडक. नेट मीटरिंग नसेल तर ती वीज वाया जाईल, वीजबिलातली वर्षाची बचत २.४० लाखांवरून १.८० लाखांवर येईल आणि दहा वर्षांत आजच्या मोलाने ३४ हजारांचा तोटा होईल. वीजबिलातली ही बचत १.८५ लाखांच्या खाली जाता कामा नये.