'नवसागर': कॉल शीट आणि लोकेशन नोंदी

लघुपट, एकच दिवस. मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६. वाई आणि मेणवली. स्क्रिप्ट लॉक झालेला ड्राफ्ट: ८ पानं, ७ सीन. युनिट ११ जण, कलाकार ३.
सूर्योदय साधारण ७.०३, सूर्यास्त ६.३३.

१५ तारखेचा रविवार सगळ्यांना सोयीचा होता, पण त्या दिवशी महाशिवरात्र आहे. घाटावर मेणेश्वराच्या दर्शनाला रीघ लागेल, आणि सीन १ मध्ये तर स्पष्ट लिहिलंय, 'घाटावर आजी एकटी.' म्हणून मंगळवार.

कॉल

५.४५ सगळे लॉजच्या गेटवर. चहा गाडीतच मिळेल.
६.१५ मेणवली घाट. आजींचा मेकअप लॉजवरच होईल, त्यांचा कॉल ५.१५.
६.५० ते ९.०० सीन १ (६/८ पान) आणि सीन ७ (६/८). आजी, नातू.
९.१५ वाड्यावर नाश्ता. आजींना ११.१५ पर्यंत विश्रांती, मागची खोली त्यांच्यासाठी ठेवली आहे. त्या खोलीत सामान ठेवू नका.
९.४५ ते ११.०० सीन ३ (१ पान). ओसरी आणि बोळ, फक्त नातू.
११.१५ ते १२.०० सीन २, संवादाआधीचा भाग. स्वयंपाकघर.
१२.०० ते १.३० सीन २ चे संवाद, मग सीन ४ (१ ४/८). आजी, नातू, कल्हईवाले काका.
१.३० जेवण.
२.१५ चौकात भट्टीची तयारी. ३.०० ते ४.४५ सीन ५ (२ पानं).
५.१५ ते ६.१५ सीन ६ (६/८). स्वयंपाकघर.
६.३० पॅकअप.

दिवस लांबलाय, मान्य आहे. सीन २ (१ २/८) दोन तुकड्यांत का तोडलाय ते खाली गिरणीच्या नोंदीत आहे.

सीन ७ सकाळी का

स्क्रिप्टमध्ये सीन ७ च्या डोक्यावर 'संध्याकाळ' आहे, पण आत फक्त 'तिरपी उन्हं, पाण्यावर चमक' एवढंच. संध्याकाळी पुन्हा घाटावर जायचं तर सामान हलवण्यात दीड तास जातो आणि सीन ६ हातचा जातो. दिग्दर्शकांशी बोलून ठरलं: दोन्ही सीन सकाळीच घ्यायचे. सीन १ ऊन येण्याआधीच्या निळसर उजेडात, सीन ७ ऊन पायऱ्यांवर उतरल्यावर. मधल्या वेळात आजींचं लुगडं बदलायचं आहे. सीन १ ला हिरवं, सीन ७ ला जांभळं. बदलायला गाडीला पडदे लावलेत.

पातेली (हा भाग आर्ट, कंटिन्युइटी आणि कॅमेरा तिघांनीही वाचा)

गोष्ट एकाच पातेल्याची आहे, आपल्याकडे मात्र पितळेची चार सारखी पातेली आहेत. कल्हई एकदा चढली की चढली, 'वन मोर' म्हणून ती उतरवता येत नाही. बुडाला ऑइल पेंटचे ठिपके दिलेत, मोजून उचला.

एक ठिपका: कल्हई उडालेलं, आतून पिवळं. सीन १, २, ४.
दोन आणि तीन ठिपके: तशीच पिवळी, सीन ५ साठी. म्हणजे कल्हई चढतानाचे आपल्याकडे दोनच टेक आहेत. दोन्ही वेळा दोन्ही कॅमेरे चालू राहतील, एक हातांवर, एक चेहऱ्यावर.
चार ठिपके: आदल्या दिवशी कल्हई करून घेतलेलं. सीन ६ आणि ७. याची बाहेरची काजळी घासू नका. गेल्या वेळी एका शूटला उत्साहानं भांडी लखलखीत करून आणली होती आणि भट्टीतून निघालेलं भांडं वेगळंच दिसलं. ती चूक पुन्हा परवडणार नाही.

पुढच्यातही घोटाळा व्हायला नको: सकाळी घाटावर एक ठिपका आणि चार ठिपके दोन्ही लागतील. बाकी दोन वाड्यावरच राहतील.

सीन २ मध्ये ताक कळकलंय आणि नातू घोट घेऊन तोंड वाकडं करतो. कल्हई नसलेल्या पितळेत ताक ठेवून ते कुणाला प्यायला देणं धोक्याचं आहे. पातेल्यातलं ताक फक्त दिसण्यापुरतं, खाण्याच्या रंगाचा हिरवा थेंब टाकलेलं. पेल्यात ताजं ताक स्टीलच्या बरणीतून ओतायचं. पेला भरणारा आणि पातेलं हाताळणारा माणूस वेगळा असेल.

कल्हई

हातांचे सगळे क्लोजअप वाईतल्या खऱ्या कल्हईवाल्या काकांचे. कलाकार आणि ते, दोघांना एकाच कापडाचे शर्ट शिवलेत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. काकांच्या उजव्या हातात तांब्याचं कडं आहे, ते काढत नाहीत. म्हणून तसंच कडं कलाकारालाही. कलाकाराच्या नखांत कोळशाची पूड भरायची.

काकांनी क्रम असा करून दाखवला: भाता मारून कोळसे लाल होऊ द्यायचे, पातेलं तापलं की नवसागर भुरभुरायचा, भपकन पांढरा धूर उठतो, त्याच क्षणी कथील टेकवून कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं, आणि लगेच पाण्यात. धुरापासून चमकेपर्यंत मोजले, वीस सेकंद. सिनेमाचं नाव त्या धुरावर आहे. तो चुकला तर सीन गेला.

धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. आजींना वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवा, त्यांचे रिअॅक्शन शॉट भट्टी विझल्यावर वेगळे घेऊ. भट्टीशेजारी दोन वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक. लाकडी खांबांपासून किमान आठ फूट लांब.

लोकेशन: घाट

वाईपासून साधारण तीन किलोमीटर, नाना फडणवीसांच्या वाड्याच्या मागे. ग्रामपंचायतीचं पत्र माझ्या फाईलमध्ये आहे, मूळ प्रत घेऊनच उतरेन. गाड्या वरच सोडा, पायऱ्यांवर ट्रॉली ओढू नका, दगड जुने आहेत. देवळांत कॅमेरा नाही.

घाटावर वसईच्या पोर्तुगीजांकडून आलेली मोठी घंटा आहे. ती फ्रेममध्ये नको. आपल्या गोष्टीतल्या गावाला नाव नाही, आणि ती घंटा दिसली की निम्मा महाराष्ट्र 'अरे, मेणवली!' म्हणेल.

वर धोम धरण आहे. नदीत पाणी सोडलं तर पायऱ्या बुडतात, सीन १ आणि ७ चं पाणी जुळणार नाही. सोमवारी संध्याकाळी गावात विचारून ग्रुपवर कळवेन. आजी पाण्यापासून दोन पायऱ्या वर बसतील, शेवाळ त्या रेषेखाली आहे. पोहता येणारा एक जण कायम खालच्या पायरीवर, फ्रेमबाहेर.

लोकेशन: वाडा

ओसरी, स्वयंपाकघर, चौक. चौकात रेकीच्या दिवशी तीनच्या सुमारास उन्हाची तिरीप भट्टीच्या जागेमागून आली, धुराला हाच बॅकलाइट हवा. साडेचारनंतर ती भिंतीवर चढते. जेवण लांबलं तर भोगावं लागेल ते इथेच.

शेजारी पिठाची गिरणी आहे. मालक दुपारी १२ ते १.३० बंद ठेवायला तयार झाले, तेवढ्यात सगळे संवाद उरकायचे. सीन ४ ची घासाघीस लांब आहे, पाठांतर पक्कं हवं. साउंडनं गिरणी सुरू होण्याआधी वाड्याची शांतता एक मिनिट टिपून घ्यावी. 'कल्हईऽऽ' ही आरोळी बोळात वेगळी रेकॉर्ड करायची आहे, लांबून आणि जवळून, सीन ३ साठी.

स्वयंपाकघरात एकच प्लग, १५ अँपियरचा, त्याला दिवा आणि चार्जर एकत्र लावू नका. चुलीवर रोज खरा स्वयंपाक होतो, त्यामुळे तिथे चपला काढून जायचं. घरच्या काकूंनी दुपारी पिठलं-भाकरी करायचं कबूल केलंय, १६ पानं (आपण १४, कल्हईवाले काका आणि त्यांचा मुलगा).